काम हातात दिलं की १५ दिवसांत बदल बंद? हे कसलं?

टॉवेलवाला_एमआयडीसी: बिलिंग सॉफ्टवेअर करून घेतलं. सोळाव्या दिवशी चूक नीट कर म्हटलं तर पोरगा म्हणतो मुदत संपली, आता पैसे पडतील. सॉफ्टवेअरवाले सगळे असेच.

कोडवाला_सोलापूर: सगळे असेच म्हणू नका, डोकं फिरतं. बदलाची मुदत वेगळी, चूक दुरुस्ती वेगळी. मी डेमोवर सही घेतच नाही, मालकाच्या मुनीमाला खरी बिलं टाकायला बसवतो. १० डझन विकले, २ डझन परत आले, क्रेडिट नोट केली, तर स्टॉक ८ डझननेच कमी दिसला पाहिजे. १० ने कमी दिसला तर ती माझी चूक, सपोर्टच्या तीन महिन्यांत कधीही फुकट नीट करतो. पण स्टॉक आता किलोत पण दाखवा म्हणालात तर ते नवीन काम, त्याचे पैसे लागणारच. तुमची चूक नक्की कुठली ते आधी सांगा.

टॉवेलवाला_एमआयडीसी: किलोचीच. आमच्याकडे टॉवेल वजनावर पण जातो, हे पहिल्याच दिवशी तोंडी सांगितलं होतं ओ!

कोडवाला_सोलापूर: तोंडी. कामाच्या यादीत लिहिलं होतं का?

टॉवेलवाला_एमआयडीसी: धंद्यात राहून एवढं कळत नाही का त्याला? कारखान्यात येऊन काटा बघून गेला की तो!

नवी_पेठ_फ्लेक्स: माझं ऐका. गिऱ्हाईकाने प्रूफ बघून 'चालेल' म्हटलं, फ्लेक्स छापून चौकात लागला, मग म्हणे साहेबांचा फोटो लहान झाला. पैसे अजून बाकी आहेत, आणि वर ओपन फाईल पण मागतोय. का द्यायची?

कोडवाला_सोलापूर: तुमचा विषय वेगळाय. पण उद्यम नोंदणी आहे का? एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे काम पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात, आणि लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे ढकलता येत नाहीत.

हिशोबनीस_ताई: अर्धंच सांगितलंत. १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली तर ती दूर होईल त्या दिवसापासून मुदत मोजतात. आणि ही मुदत पैशासाठी आहे, सपोर्ट किती महिने ते तुमच्या करारावर.

टॉवेलवाला_एमआयडीसी: मी दहाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाकली होती. ती लेखी नाही का?

नवी_पेठ_फ्लेक्स: आवाज लेखी कसा होईल? माझं गिऱ्हाईक पण अंगठा पाठवतं आणि नंतर नाही म्हणतं. अंगठ्याचं काय?

हिशोबनीस_ताई: अंगठ्यावर, व्हॉइस नोटवर भांडत बसू नका. त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका, कुठलं बिल, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं.

टॉवेलवाला_एमआयडीसी: ईमेलचं ठीकाय, पुढच्या वेळी टाकतो. पण किलोचे पैसे मी देणार नाही.

कोडवाला_सोलापूर: काटा बघून गेला असेल तर त्याने विचारायला हवं होतं, एवढं मान्य. फुकट मात्र मी पण केलं नसतं.