उत्तर: इंग्रजी वाक्यात नॉट दिसत नसूनही शेवटी जोडलेला छोटा प्रश्न, म्हणजे टॅग, पॉझिटिव्ह का?

"वाक्यात नॉट नसेल तर टॅग निगेटिव्ह लागतो ना? मग 'ही हार्डली ईट्स' ला 'डझ ही?' का?"

कारण हार्डली स्वतःच नकारार्थी आहे, नॉट दिसायलाच हवा असं नाही, नेव्हर, सेल्डम, नोबडी हेही तसेच. शंका आली की वाक्यापुढे 'नायदर' जोडून बघा: 'ही हार्डली ईट्स, अँड नायदर डझ शी' सहज बसतं, म्हणजे वाक्य निगेटिव्ह आणि टॅग पॉझिटिव्ह. आणि ईट्समध्ये सहाय्यक क्रियापद नाही म्हणून डझ आणावं लागतं. फसतं ते इथे: 'ही'ज गॉन' ला हॅझन्ट ही, 'ही'ज गोइंग' ला इझन्ट ही, कारण एकात लपलंय हॅज, दुसऱ्यात इज.

पण टॅगच्या सुराबद्दल कुणी बोलतच नाही आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. मी ऑफिसात एका ब्रिटिश सहकारी बाईंना फोनवर विचारलं, 'यू हॅव्हन्ट सेंट इट, हॅव यू?', शेवटचा सूर खाली गेला, आणि त्या एकदम सफाई द्यायला लागल्या. मला फक्त माहिती हवी होती, पण खाली उतरणारा सूर म्हणजे 'मला माहितीये, कबूल कर', तोच वर चढवला असता तर तो खरा प्रश्न झाला असता, पाठवलं की नाही. आपल्या 'ना' ची सवय असल्याने आपण शब्द पाठ करतो, सुराकडे मात्र लक्षच जात नाही. टॅग म्हणताना दोन्ही सुरांत रेकॉर्ड करून ऐका, फरक लगेच कळतो.