मिरवणुकीची तारीख

"यंदाची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक १९ फेब्रुवारीला, बेळगाव. सगळ्यांनी या."

दादा, बातमी वाचून आनंद झाला, फक्त तारीख एकदा मंडळाला विचारून घ्याल का? १९ फेब्रुवारी ही महाराष्ट्र सरकारची तारीख. बेळगावात चित्ररथांची परंपरा तिथीची, वैशाख शुद्ध द्वितीयेची. मिरवणूक त्यानंतर निघते. ही द्वितीया साधारण अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी येते, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते: २०२४ ला ९ मे, २०२५ ला २९ एप्रिल.

आमची आत्या एकदा अशीच फेब्रुवारीत चंदगडहून पोरांना घेऊन आली, चित्ररथ न बघताच परतली. फार वाईट वाटलं. म्हणून मूळ मजकुरातच तिथी आणि वार दोन्ही घातलेत तर बरं, खालचे प्रतिसाद पुढे पाठवताना गळतात.