‘सरासरी मागणी’ म्हणजे खप की ऑर्डर? रीऑर्डर पॉइंटला मराठीत काय म्हणावं

मृण्मयी
स्टोअरकीपरांसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. स्टोअर पंप जोडणाऱ्या कारखान्याचं. साठा ज्या आकड्यावर उतरला की नवी ऑर्डर द्यायची, त्या रीऑर्डर पॉइंटला ‘पुनर्मागणी बिंदू’ असं लिहिलं आणि खाली सूत्र दिलं: सरासरी मागणी गुणिले पुरवठ्याची मुदत, अधिक सुरक्षा साठा. मसुदा वाचायला दिला तर ६२०५ बेअरिंगच्या ओळीत ‘सरासरी मागणी’ म्हणून ४०० भरून आलं. रोज लागतात ४०. ४०० ही एका ऑर्डरची संख्या. मुदत ८ दिवस धरली तर उत्तर ३,२०० येतं, एवढा माल कधीच ठेवत नाहीत. भरणाऱ्याला चूक म्हणवत नाही, कारण स्टोअरमध्ये ‘मागणी टाकली’ म्हणजे ऑर्डर दिली, आणि मागणीपत्रही त्यासाठीच असतं. मग डिमांडला काय लिहू? आणि माल यायला कधी पाच दिवस लागतात, कधी चौदा. तिथे ‘मुदत’ चालेल का?

खतावणी
‘खप’ लिहा. दुकानात खप, कारखान्यात वापर. ‘मागणी’ अर्थशास्त्राच्या पुस्तकात ठीक, स्टोअरच्या कार्डावर नको. ‘पुनर्मागणी’ही त्याच कारणाने नको, मागणीवर पुन्हा मागणी असं वाचलं जातं. बिंदू आलेखावर असतो, कार्डावर पातळी असते. ‘ऑर्डर पातळी’ म्हणा.

शब्दवेडा
अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी अशी जोडी कशाला? ‘फेरमागणी पातळी’ सरळ आहे. फेरतपासणी, फेरविचार, फेरनिवडणूक यांतला ‘फेर’ कुणाला परका वाटत नाही.

खतावणी
फेरविचारात आधीचा विचार बदलतो. फेरमागणीने आधीची ऑर्डर रद्द झाली असं वाटलं तर?

दिगंत
शब्दाआधी ‘मुदत’ बघायला हवी, कारण खरी गफलत तिथे आहे. मुदत म्हणजे ठरवून दिलेला वेळ. पुरवठादाराने कोटेशनवर लिहिलेले सहा दिवस ही मुदत. माल प्रत्यक्ष यायला जो वेळ लागतो तो अवधी. सूत्रात अवधी हवा. ‘मुदत’ छापलंत की भरणारा कोटेशन उघडून ६ लिहील, ४० × ६ करून २४० काढेल, आणि चौदा दिवस लागले की जोडणी बंद पडेल.

अवधी कुठून कुठपर्यंत मोजायचा तेही कार्डावर लिहा. ऑर्डर पुरवठादाराकडे गेली त्या दिवसापासून माल तपासून वापरायला मोकळा झाला त्या दिवसापर्यंत. ट्रक गेटवर आला तो दिवस नाही. तपासणीत अडकलेलं बेअरिंग जोडणीला मिळत नाही. शिवाय खप कामाच्या दिवसाचा असेल तर अवधीही कामाच्याच दिवसांत मोजा. रविवार एकीकडे धरला आणि दुसरीकडे सोडला तर दर आठवड्याला एका दिवसाचा फरक पडतो.

मृण्मयीताई, मागच्या दहा ऑर्डरींचे अवधी मिळतील का? आणि रोजच्या खपाचा चढउतार किती?

मृण्मयी
कामाच्या दिवसांत: ६, ७, ५, ९, ६, १४, ७, ६, ८, १२. खप सरासरी ४०, प्रमाण विचलन १२.

औषधविक्रेता
आमच्याकडे वितरक रोज येतो, अवधी जवळजवळ एकच दिवस. पण पावसाळ्यात ताप-खोकल्याच्या औषधांचा उठाव दुप्पट होतो. एक सोपा हिशोब वापरतात: सर्वांत जास्त रोजचा खप गुणिले सर्वांत जास्त दिवस. वर्गमूळ वगैरे लागत नाही. इथेही तो का नको?

दिगंत
तुमचा प्रश्न खपाच्या चढउताराचा आहे, इथला अवधीच्या. ‘जास्तीत जास्त गुणिले जास्तीत जास्त’ मध्ये सर्वांत मोठा खप आणि सर्वांत मोठा उशीर एकाच वेळी येतील आणि उशिराचे सगळे दिवस तोच खप टिकेल असं धरलेलं असतं. एखाद्या दिवशी ६५ बेअरिंग लागली असतील तर ६५ × १४ म्हणजे ९१० होतात. पण सलग चौदा दिवस ६५ लागत नाहीत. कमी-जास्त दिवस एकमेकांना भरून काढतात, वर्गमूळ त्यासाठीच येतं.

वरच्या आकड्यांवर करून बघू. दहा अवधींची बेरीज ८०, सरासरी ८ दिवस. विचलन साधारण २.९ दिवस. सरासरी अवधीतला खप ४० × ८ = ३२०. राखीव, म्हणजे तुमचा सुरक्षा साठा, काढताना दोन चढउतार वेगळे धरायचे. खपाचा: ८ × १२ × १२ = १,१५२. अवधीचा: ४० चा वर्ग गुणिले २.९ चा वर्ग, दशांश न सोडता सुमारे १३,५११. बेरीज १४,६६३, वर्गमूळ १२१. वीसपैकी एकोणीस ऑर्डरींत माल पुरावा असं ठरवलं तर १.६४५ ने गुणायचं, म्हणजे सुमारे २००. पातळी ५२०.

१,१५२ आणि १३,५११ शेजारी ठेवून बघा. जवळजवळ सगळा राखीव साठा अवधीच्या चढउतारामुळे लागतो आहे. अवधी कायम ८ च धरला असता तर राखीव ५६ आणि पातळी ३७६ आली असती. बऱ्याच पुस्तिकांत फक्त तेवढंच सूत्र छापलेलं असतं.

अवधी B2 ते B11 मध्ये असतील तर:

```
=40*AVERAGE(B2:B11)+NORM.S.INV(0.95)*SQRT(AVERAGE(B2:B11)*12^2+40^2*VAR.S(B2:B11))
```

खतावणी
म्हणजे तेरा दिवसांचा खप. कार्डावर ‘५२०’ च्या शेजारी ‘१३ दिवसांचा माल’ असंही लिहा. खप वाढला की तेरा तसेच राहतात, ५२० बदलावे लागतात, हे स्टोअरकीपरला आपोआप कळेल.

शब्दवेडा
आता ‘सुरक्षा साठा’कडे या. सुरक्षा म्हटलं की पहारेकरी आठवतो. आपल्याकडे ‘बेगमी’ असताना हा भाषांतरी शब्द कशाला? पावसाळ्याची बेगमी घराघरांत म्हणतात. मूळ फारसी: बे-गम, म्हणजे ज्याला चिंता नाही तो.

कोकणवासी
मी तर बेगमी ‘बेगम’वरून आली असं ऐकलं होतं, बेगमेच्या कोठारासारखा भरलेला साठा.

शब्दवेडा
ते नंतर जुळवलेलं असावं. ‘बेगम’ हा शब्द तुर्की, ‘बे-गम’ फारसी. ‘निश्चिंती’ आणि ‘पुढची तरतूद’ हे अर्थ दुसऱ्याशीच जुळतात.

खतावणी
शब्द सुंदर आहे, पण इथे चुकीचा. बेगमी म्हणजे पावसाळा संपेपर्यंत लागणारं सगळं. इथे सगळं म्हणजे ५२०, आणि आपल्याला नाव हवं आहे वरच्या २०० ला. ते २०० बेगमी नाहीत, ‘राखीव’ आहेत.

कोकणवासी
मग ‘गंगाजळी’? गंगेच्या पाण्याचं भांडं, सहसा न उघडायचं. परकीय चलनाची गंगाजळी वर्तमानपत्रांत रोज येते.

दिगंत
तिथे अर्थ उलटा होईल. गंगाजळीला हात लावायचा नाही ही भावना असते. राखीव साठा वापरण्यासाठीच आहे. दर दोन ऑर्डरींपैकी साधारण एकीत, माल सरासरीपेक्षा उशिरा आला की, त्यातला काही भाग जाणारच. कधीच हात लागत नसेल तर तो जास्त ठेवलेला आहे.

अनघा
हिशोबाबद्दल एक शंका. ५२० म्हणजे तेरा दिवस. पण वरच्या दहांत एकदा चौदा दिवस लागले आहेत, तेव्हा ५६० लागले असते. म्हणजे दहात एकदा माल संपला. वीसात एकदाच संपेल हे कुठे राहिलं?

दिगंत
बरोबर पकडलंत. १.६४५ हा आकडा घंटेच्या आकाराच्या वक्रावरून येतो, त्यात लवकर आणि उशीर दोन्हीकडे सारखे पसरलेले असतात. अवधी तसे पसरत नाहीत. पाच दिवसांच्या आत माल येत नाही, पण उशीर मात्र लांबत जातो. दहा आकड्यांत ते शेपूट नीट दिसतही नाही. ९८ टक्क्यांचा २.०५४ घेतलात तर राखीव सुमारे २४९ आणि पातळी ५६९, चौदा दिवस त्यात बसतात. पण त्याआधी १२ आणि १४ का लागले ते शोधा. ते त्याच पसरणीतले आहेत की त्यांचं कारण वेगळं आहे?

मृण्मयी
विचारलं. दोन्ही वेळा मागचं बिल थकलं होतं म्हणून पुरवठादाराने माल अडवला होता.

दिगंत
मग तो पुरवठ्याचा चढउतार नाहीच, तो आपल्या लेखा विभागातला आहे. ते दोन काढले तर उरलेल्या आठांची सरासरी ६.७५ दिवस, विचलन १.२८. सरासरी अवधीतला खप २७०, राखीव सुमारे ९९, पातळी ३७० च्या आसपास. बिलं वेळेवर गेली तर दीडशे बेअरिंग कमी ठेवून चालतील. बिलं थकतच राहणार असतील तर मात्र ते आकडे काढू नका. काढून टाकण्याने माल लवकर येत नाही.

अनघा
अजून एक, हे शब्दांतही यायला हवं. ५२० कशाशी ताडायचे? कपाटातल्या शिल्लकेशी ताडले तर ऑर्डर गेल्यावरही शिल्लक खालीच दिसते आणि रोज नवी ऑर्डर निघते. शिल्लक आणि वाटेवरचा माल मिळवून, आधीच कुणासाठी बाजूला काढलेला वजा करून, मग ताडायचं. या बेरजेला नाव काय?

खतावणी
‘हाती आणि वाटेवर’. तीनच शब्द, समजावून सांगावं लागणार नाही.

शब्दवेडा
नाव हवं, वाक्य नको. ‘एकूण शिल्लक’?

अनघा
‘एकूण शिल्लक’ म्हटलं की कपाटं मोजतील. आणि शिल्लक फक्त सोमवारी बघत असाल तर ५२० ही कमी पडतील. मंगळवारी पातळी ओलांडली तरी पुढच्या सोमवारपर्यंत कुणाला कळत नाही. अवधी खरं तर पातळी ओलांडल्यापासूनच सुरू होतो. धोका टाळायचा तर आठवड्याचा खप, म्हणजे २४०, वर धरावा लागतो. नाहीतर बेअरिंगपुरतं रोज बघा.

मृण्मयी
सोमवारीच बघतात. रोज बघायला सांगता येईल. ‘खप’, ‘अवधी’, ‘राखीव’ घेते. ‘हाती आणि वाटेवर’ही घेते. रीऑर्डर पॉइंटचं मात्र अजून ठरलं नाही.

शब्दवेडा
फेरमागणी पातळी.

खतावणी
‘मागणी’ हा शब्द काढायला हा धागा सुरू झाला होता.

कोकणवासी
आमच्याकडे तेलाच्या डब्याला आतून खूण करतात, तेल तिथे आलं की आणायला माणूस पाठवायचा. तिला नुसती ‘खूण’च म्हणतात. ‘ऑर्डरची खूण’ चालेल?

शब्दवेडा
पुन्हा ऑर्डर!