अनुभव धागा: जाड सुती पडदे, फोडणीचा वास आणि आटण्याची धास्ती

धागाकर्ती, परभणी
स्वयंपाकघराच्या दाराला जाड हातमागाचे सुती पडदे लावले की दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. फोडणीच्या तेलाचा थर निघायला गरम पाणी हवेसे वाटते आणि गरम पाण्यात सूत आटते. आपण घरी हे कसे सांभाळता, ते कृपया तपशिलाने लिहावे.

लातूर
आमच्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ घरात येते आणि तेलकट पडद्यावर चिकटून बसते. म्हणून पडदा पाण्यात घालण्यापूर्वी मी तो अंगणात दोरीवर उलटा टाकून मऊ केरसुणीने झाडते, कारण झाडल्याशिवाय भिजवला तर त्या धुळीचा चिखल होऊन विणीत शिरतो. वास सर्वांत जास्त कुठे असतो, हेही पाहून ठेवावे. आमच्या पडद्यात तो वरच्या चुण्यांमध्ये असतो, कारण वाफ वर जाते. तिथे कापड बोटांना किंचित मेणचट लागते. त्या पट्ट्यावर पातळ डिटर्जंट आधी हाताने चोळून ठेवते. मग बादलीभर कोमट पाण्यात, म्हणजे हात सहज ठेवता येईल इतपत, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि नेहमीचे डिटर्जंट विरघळवून पडदा पाऊण तास भिजत घालते. तेल सुटायला उकळते पाणी लागत नाही. सोडा आणि पुरेसा वेळ मिळाला तर ते कोमट पाण्यातही सुटते. पाणी पिवळसर झाले आणि चुण्यांचा मेणचटपणा गेला, की काम झाले असे समजावे.

नांदेड (पडदे शिवतो)
ताईंचे बरोबर आहे, पण कोमट पाण्यातही नवे कापड आटतेच, हे लक्षात घ्यावे. मागावर ताणा ओढून धरलेला असतो. कापड पहिल्यांदा ओले झाले की ते धागे सैल होतात आणि म्हणून रुंदीपेक्षा लांबी जास्त कमी होते. उष्णता आणि जोराची घुसळण यांनी त्यात भर पडते. सात फुटांचा, म्हणजे ८४ इंचांचा पडदा शेकडा ५ आटला तर सव्वाचार इंचांच्या आसपास कमी होतो आणि जमिनीपासून वर उचललेला दिसतो. यावर खरा उपाय शिवण्याआधीचा आहे: कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवावे आणि मगच मापे घ्यावीत. ते राहून गेले असेल तर तळाला चार-पाच इंचांची दुमड ठेवून एकच शिवण घालावी, म्हणजे पुढे उसवून लांबी वाढवता येते. वरची पट्टी पॉलिस्टरची असेल तर ती आटत नाही, कापड मात्र आटते, आणि चुण्या वेड्यावाकड्या होतात. म्हणून धुण्याआधी नाडी सैल करून चुण्या सरळ कराव्यात.

जालना
आमच्या सासूबाई पहिल्या धुण्यात मूठभर मीठ टाकायला सांगतात. त्याने रंगही जात नाही आणि कापडही आटत नाही. लाल पडद्यांना तर मी तेच करते.

नांदेड (पडदे शिवतो)
वहिनी, मिठाने आटणे थांबत नाही आणि कच्चा रंग पक्का होईल याचीही खात्री नसते. दुमडीचा आतला कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावा. फडक्याला रंग लागला तर तो पडदा वेगळा, थंड पाण्यात धुवावा आणि सोडा टाळावा.

बीड
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमचे पडदे पॉलिस्टरचे आहेत, ते आटत नाहीत, पण वास धुतल्यावरही राहतो. शिवाय आम्ही बोअरचे पाणी वापरतो आणि टँकरच्या दिवसांत तीनदा खळबळणे परवडत नाही.

लातूर
दादा, बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी वापरली तर पांढरट साका कापडात बसतो आणि तेलही त्यात अडकते. वास राहण्याचे ते एक कारण असू शकते. वडीऐवजी डिटर्जंट घ्यावे आणि सोडाही घालावा, त्याने पाण्याचा जडपणा कमी होतो. शेवटचे खळबळलेले पाणी पुढच्या पडद्याच्या भिजवणीला वापरता येते. सोड्याचे पाणी झाडांना मात्र घालू नये, ते न्हाणीघर धुवायला चालते.

छत्रपती संभाजीनगर
मी मशीनमध्ये एका वेळी एकच पडदा टाकते, कारण ओले जाड सूत फार जड होते आणि मशीन भरली की मधली घडी कोरडीच राहते. नाजूक कपड्यांचा फेरा आणि कमी पिळणे ठेवते. निथळल्यावर दोघी जणी दोन टोकांना धरून पडदा लांबीच्या दिशेने हळूहळू ओढतो आणि ओलसर असतानाच जागेवर टांगतो. त्याच्याच वजनाने तो बराच खाली येतो, पण पूर्ववत होतो असे म्हणणार नाही. शेवटच्या पाण्यात मी अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालते, त्याने वास कमी झाल्यासारखा वाटतो.

धागाकर्ती, परभणी
व्हिनेगरचा गुण की चांगल्या खळबळण्याचा, हे कोणी दोन सारख्या पडद्यांवर पाहिले असल्यास कळवावे. वासाची पारख पडदा पूर्ण वाळल्यावर, वरच्या चुण्या तळहातांत चोळून करावी. ओलसर असताना साबणाचाच वास येतो.