‘सपोर्टेड डिसिजन मेकिंग’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘गार्डियन’ला पालक म्हणावं का?

मृणाल
बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ मुलामुलींच्या आईवडिलांसाठी मराठी पत्रक करते आहे. विश्वासातल्या माणसाची मदत घेऊन, पण स्वतःचा निर्णय स्वतःच घेणं, याला मी आधी ‘सहाय्यित निर्णयप्रक्रिया’ असं लिहिलं. एका आईनं ते वाचून विचारलं, “या प्रक्रियेचा अर्ज कुठे मिळतो?” म्हणजे शब्दानंच घोटाळा केला. त्याहून वाईट दुसऱ्या वाक्याचं झालं. ‘मूल 18 वर्षांचं झालं की तुम्ही कायद्यानं त्याचे पालक राहत नाही.’ हे वाचून त्यांचे डोळे भरले. शाळेच्या पालकसभेपासून आपण त्याच शब्दानं ओळखले जातो. तो काढून घेतला की आईपणच काढून घेतल्यासारखं वाटतं. दोन्ही शब्द सुचवा.

दिनकर
आधी शुद्धलेखन. नाम ‘साहाय्य’ आहे, ‘सहाय्य’ नव्हे, त्यामुळे ‘साहाय्यित’ लिहा. ‘पालक’ मात्र बदलू नये. पाळणारा, सांभाळणारा हाच त्याचा अर्थ. शिवाय ज्याला समज नाही तो वय वाढलं तरी कायद्याच्या दृष्टीनं अज्ञानच, तेव्हा आईवडील पालक राहतातच ना?

वर्षा (वकील)
काका, शुद्धलेखनाचं बरोबर, पुढचं नाही. ‘सज्ञान’ या शब्दात ज्ञान असलं तरी कायद्यात तो निव्वळ वयाचा शब्द आहे. 18 पूर्ण झाली की माणूस सज्ञान, त्याची बुद्धी कितीही असो. आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व त्या दिवशी संपतं. पुढे पालक हवा असेल तर तो नेमून घ्यावा लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यात हे काम जिल्ह्याची स्थानीय स्तर समिती करते. पालक लागतो का आणि कशापुरता लागतो, हे दोन्ही तिनं पाहायचं असतं. ‘कशापुरता’ हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात किंवा ‘सर्व बाबी’ लिहितात. खरा तोटा तिथे होतो.

सुनील
महसुलात नोकरी केली म्हणून सांगतो. गावाकडे हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, फक्त सातबाऱ्यावरचा. वारसाचं वय कमी असेल तर नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि आईचं नाव लागतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा 18चा झाला की वयाचा पुरावा देऊन तो शेरा कमी करून घ्यायचा असतो. पण मुलगा ‘तसा’ असेल तर घरचे तो शेरा तसाच राहू देतात. पस्तिशीच्या माणसापुढे अ.पा.क. पाहिलं आहे मी. वर्षाताई सांगतात तसं, त्या शेऱ्याचा समजेशी काही संबंध नाही. म्हणून पत्रकात ‘पालनकर्ता’ वापरा. आईचं ‘पालक’ तिच्याकडेच राहील.

मृणाल
हे फार कामाचं. ‘नेमलेला पालनकर्ता’ असं लिहीन.

शोभा
मला शब्दांतलं कळत नाही, पण हा दाखला कुठे काढायचा ते सांगा. लेक 27 वर्षांची, डाऊन सिंड्रोम आहे. कार्यशाळेत पाकिटं करते, पगार बँकेत जमा होतो. बँकेनं पालकत्वाचा दाखला मागितला. त्यातच हे गेले. आता थोरला म्हणतो, तिच्याकडून फ्लॅटचं हक्कसोडपत्र करून घेऊ, मी तिला जन्मभर सांभाळीन. तिला विचारलं तर ती हो म्हणाली.

वर्षा (वकील)
शोभाताई, दाखल्याचं सांगते, पण त्याआधी एक करून बघा. तिला आज विचारा, “फ्लॅट दादाला द्यायचा?” दोन दिवसांनी वेगळ्या वेळी विचारा, “फ्लॅट तुझ्याकडेच ठेवायचा?” दोन्हीला हो आलं तर तो होकार नाही, आपल्या माणसाचं मन राखणं आहे. मग हो-नाहीचा प्रश्न सोडून द्या. घराचे आणि पैशाचे फोटो समोर ठेवा, “दादा दुसरीकडे राहायला गेला तर तू कुठे झोपशील?” असं विचारा. दादा त्या खोलीत नको.

शोभा
केलं. दोन्ही वेळा हो म्हणाली. फोटो दाखवल्यावर स्वतःच्या पलंगावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हा नाय द्यायचा.”

वर्षा (वकील)
मृणाल, तुमच्या शब्दाचा अर्थ हाच. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनं कायदेशीर क्षमता आहे. आधार देणाऱ्याचा एखाद्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्या व्यवहारापुरतं त्यानं बाजूला व्हायचं. म्हणजे भाऊ तिला दवाखान्यात नेईल, मोबाईल घेताना मदत करेल, पण हक्कसोडीच्या वेळी त्याचा आधार चालणार नाही. आधार देणारं माणूस बदलायचा अधिकारही तिचाच, फक्त आधी झालेले व्यवहार त्यानं रद्द होत नाहीत. पूर्ण पालनकर्ता नेमला की तिच्या बोटाला कागदावर जागा उरत नाही.

दिनकर
मग पालनकर्ता नकोच म्हणा ना सरळ.

वर्षा (वकील)
तसंही म्हणवत नाही. त्याच कायद्याचं कलम 14 मर्यादित पालकत्व ठेवतं: ठरावीक काळ, ठरावीक निर्णय, दोघांनी मिळून आणि तिच्या इच्छेनुसार. आधाराचा नुसता लेखी करार दाखवला तर तो कुठल्या नमुन्यात मान्य करायचा, हे बँकेच्या खिडकीवर ठरलेलं नसतं, म्हणून दाखला मागतात. शोभाताईंना मी म्हणेन, समितीकडे अर्ज करा, पण ‘कशापुरता’ या रकान्यात फक्त बँक खातं आणि पगार लिहा. स्थावर मालमत्ता लिहू नका. नेमणूक झाली की सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, तेव्हा पासबुकाच्या प्रती जपून ठेवा. जिथे व्यक्ती कोणत्याच मार्गानं पसंती कळवू शकत नाही, तिथे काय करायचं यावर आमच्यातच एकमत नाही.

शोभा
तेवढंच लिहीन. पण मी गेल्यावर खात्याचं कोण बघणार?

वर्षा (वकील)
त्यासाठी आतापासून दुसरं माणूस तिच्या सवयीचं करा. आडनाव एक आहे एवढ्यावर निवडू नका.

मृणाल
निर्णयाला ‘साथीनं घेतलेला निर्णय’ म्हणावं असं मनात आहे. पण आधार देणाऱ्या माणसाला काय? साथीदार?

सुनील
साथीदार नको. वर्तमानपत्रात साथीदार नेहमी आरोपीचा असतो.

दिनकर
मदतनीस?

मृणाल
तो अंगणवाडीत आणि घरकामात रुळला आहे. पाठीराखा छान वाटतो, पण त्यात राखणं आहे. पुन्हा मागे उभं राहून आपणच ठरवल्यासारखं.

दिनकर
आधारकर्ता चालेल. पालनकर्त्याशी जोडीही जुळते. मघाचं ‘अज्ञानच’ मागे घेतो, इतकी वर्षं मी तसंच धरून चाललो होतो.

सुनील
आधार म्हटलं की लोक कार्ड काढून दाखवतील, काका.

शोभा
आमच्याकडे धाकट्या मावशीचं ऐकते ती. कपडे घ्यायचे, सुट्टी घ्यायची, काहीही असलं की तिला फोन लावते. तिला ती ‘माझी विचारायची मावशी’ म्हणते.

मृणाल
‘विचारायची माणसं’. ताई, हे पत्रकात घेऊ का?

दिनकर
अर्जाच्या रकान्यात बसणार नाही ते.

मृणाल
रकान्यात आधारकर्ता लिहू, आईवडिलांशी बोलताना हे. ताई, लेकीलाही विचारा हं, तिचा शब्द आहे.