मदत हवी आहे: आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी चार औषधं, पण गट किती?

कीटकवही: हापूसच्या बागेसाठी सरावाचा तक्ता बनवतेय. पालवीला डेल्टामेथ्रिन, बोंगे फुटताना लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, मग इमिडाक्लोप्रिड आणि पंधरा दिवसांनी थायामेथोक्झाम. सर म्हणाले, "ही अदलाबदल अर्धीच आहे." का?

जांभाखडक: नावं चार, पण कीटकाला मारायची पद्धत बघितली तर गट दोनच. पहिली दोन ३ए, पुढची दोन ४ए. प्रत्येक फवारणीला गट बदलायलाच हवा. नाहीतर लॅम्बडा-थायामेथोक्झामचं तयार मिश्रण मारा, दोन्ही बाजूंनी मार बसतो.

देवगडकर काका: आमच्याकडे थायामेथोक्झामने फुलकिडे हलत नाहीत. स्पिनोसॅड मारलं, आता स्पिनेटोरम मारू का?

भृंगराज: काका, तो वेगळा प्रश्न, पण ही दोन्ही गट ५ मधलीच. लागोपाठ नको.

जांभाखडक, गट बरोबर मोजलेत. मोजायची असते ती मात्र पिढी, फवारणी नव्हे. एकाच पिढीवर एकाच गटाच्या दोन फवारण्या चालतात. वाचलेल्यांच्या पिल्लांवर तोच गट परत पडला की औषधाला न जुमानणाऱ्यांची निवड पक्की होते. तुडतुड्यांची पिढी साधारण दोन-तीन आठवड्यांची. त्यामुळे पंधरा दिवसांनंतरचं थायामेथोक्झाम बहुधा इमिडाच्या पुढच्याच पिढीवर पडतं. तयार मिश्रणाने तर दोन्ही गट एकाच झटक्यात खर्ची पडतात आणि पुढच्या पिढीला द्यायला दोन्हीही उरत नाहीत.

कीटकवही, लॅम्बडाच्या जागी बुप्रोफेझिन २५ एससी, १० लिटरला २० मिली घालून बघ. गट १६. पण ते पिल्लांची कात बिघडवतं, प्रौढांना मारत नाही. दुसऱ्या दिवशी मोहोर हलवून तुडतुडे उडाले की लोक "औषध फेल" म्हणतात आणि वर डेल्टामेथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड मारतात. आठवड्याने बोंग्यावरची पिल्लं मोज. प्रौढच भरमसाट असतील तर हे औषध ती वेळ निभावणार नाही.

कीटकवही: इमिडा मारूनही तुडतुडे राहिले, तर प्रतिकारशक्ती आली समजायचं?

भृंगराज: एवढ्यावरून नाही. जुन्या उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत फवारा पोचत नाही, आणि खोडाच्या सालीच्या भेगांतले तुडतुडे सुटतात. शंका असेल तर कोवळी पानं औषधाच्या चार-पाच तीव्रतांत बुडवून, सुकवून त्यावर तुडतुडे सोड. सोबत नुसत्या पाण्यातलं पान ठेव. पाण्यातलेच २० टक्क्यांहून जास्त मेले तर चाचणी बाद. पण तुलनेला कधीच फवारणी न झालेल्या रायवळ आंब्यावरचे तुडतुडे हवेत, नाहीतर आकडा कशाशी ताडणार?

जांभाखडक: पण कोकणात पालवी एकदम कुठे येते? एका फांदीवर बोंगे, दुसरीवर पालवी. पिढ्या मिसळलेल्या असताना तुमची ही पिढी ओळखायची कशी?

भृंगराज: तिथेच हे गणित ढिलं पडतं. मी बहुसंख्य पिल्लांच्या अवस्थेवरून ठरवतो, पण शेजारच्या बागेतून प्रौढ उडून आले तर तेही फसतं. शिवाय कीटकनाशक मोडणारी विकरं वाढलेली असतील, तर गट बदलूनही काही औषधं निकामी ठरतात.

कीटकवही: शेजारच्या बागेत कोणता गट चालू आहे, तेही मग तक्त्यात लिहावं का?