नावे खोडली म्हणजे माहिती सुरक्षित झाली का? कार्यालयातील एआय-वापराच्या धोरणाबद्दल टोपणनावांनी झालेली चर्चा

मसुदाकार: आमच्या संस्थेत जनरेटिव्ह एआयच्या वापराचे धोरण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की ग्राहकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक काढून टाकले की तक्रारींचा तक्ता अशा साधनाला द्यायला हरकत नसावी. एवढे पुरेसे आहे का? आणि ‘उत्तराची पडताळणी करावी’ व ‘वापर जाहीर करावा’ या कलमांनी कर्मचाऱ्याने नेमके काय करायचे?

समासातील नोंद: पुरेसे नाही, आणि याचे कारण तक्त्याच्या उरलेल्या स्तंभांत आहे. दोनशे तक्रारींच्या एका तक्त्याची कल्पना करा. त्यातून नाव आणि क्रमांक गेले, पण तक्रारीची तारीख, विभाग, उत्पादनाचा प्रकार आणि ग्राहकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला मजकूर तसाच राहिला. त्या मजकुरात एखादी व्यक्ती लिहून जाते, की शस्त्रक्रियेनंतर मी तीन महिने रजेवर होते आणि आमच्या विभागात हे यंत्र वापरणारी मी एकटीच आहे. तिला ओळखणाऱ्याला नावाची गरज उरत नाही. म्हणून कलमात ‘नावे काढावीत’ असे न लिहिता ‘उरलेल्या माहितीवरून, जवळच्या माणसालाही, व्यक्ती ओळखता येऊ नये’ असे लिहावे आणि मुक्त मजकुराचा स्तंभ मुळातच वगळावा, असे मी सुचवेन.

बहुतेक वेळा खरा तक्ता लागतही नाही, हेही कर्मचाऱ्यांना सांगण्यासारखे आहे. एखादे सूत्र लिहून घ्यायचे असेल, तर स्तंभांची शीर्षके आणि दोन-तीन काल्पनिक ओळी पुरतात. मिळालेले सूत्र आपल्या संगणकावर खऱ्या आकड्यांना लावता येते.

मोकळी वाट: मला ही अतिसावधगिरी वाटते आणि तिचा परिणाम उलटा होईल अशी भीती वाटते. कर्मचाऱ्याला दहा अटी घातल्या, की तो कार्यालयाच्या संगणकावर काही करत नाही आणि स्वतःच्या फोनवरील मोफत खात्यात तोच मजकूर टाकतो, जिथे आपल्याला काहीच दिसत नाही. संस्थेने करार करून व्यावसायिक खाते घ्यावे, त्यात दिलेला मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाणार नाही याची लेखी हमी घ्यावी आणि मग माणसांना मोकळेपणाने काम करू द्यावे. सॅमसंगच्या अभियंत्यांनी गोपनीय सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाल्यावर त्या कंपनीने मे २०२३ मध्ये अशा साधनांवर बंदी घातली, पण सरसकट बंदी हा कोणत्याही कार्यालयाचा कायमचा मार्ग होऊ शकत नाही.

समासातील नोंद: फोनवरील वापराबद्दलचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि संस्थेचे खाते हवेच. परंतु ‘प्रशिक्षणासाठी वापरणार नाही’ आणि ‘साठवून ठेवणार नाही’ ही दोन वेगळी आश्वासने आहेत. मे २०२५ मध्ये, न्यू यॉर्क टाइम्सने दाखल केलेल्या खटल्यात, एरवी पुसले गेले असते असे संवादही जपून ठेवण्याचा आदेश न्यायालयाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला दिला. संस्थांसाठीची एंटरप्राइझ खाती त्या आदेशाच्या बाहेर होती आणि काही महिन्यांनी तो आदेश उठलाही. पण त्या काळात वैयक्तिक खात्यावरून संवाद पुसणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे तो पुसला जात नव्हता. करार वाचताना साठवणीचा कालावधी आणि मजकूर कोण उघडून पाहू शकतो, ही दोन कलमे आधी शोधावीत. शिवाय ग्राहकाने आपल्याला दिलेली माहिती तिसऱ्याला देण्याची मुभा त्या ग्राहकाशी झालेल्या करारात आहे का, हा प्रश्न खाते कितीही चांगले असले तरी उरतोच.

हजेरीपट: मूळ प्रश्न कर्मचारी लपवून एआय वापरतात त्यांना कसे पकडावे असा असेल, तर मजकूर तपासून ‘हा यंत्राने लिहिला’ असे सांगणारी साधने मिळतात. धोरणात त्यांची सक्ती केली की प्रकटीकरणाचा प्रश्न आपोआप मिटतो.

समासातील नोंद: प्रश्न पकडण्याचा नाही, आणि त्या साधनांवर शिस्तभंगाची कारवाई उभारू नये. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला ओळखता आला होता आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर त्याने यंत्राचा ठरवला होता. त्या नऊ टक्क्यांतल्या कर्मचाऱ्याने आपली बाजू सिद्ध तरी कशी करायची?

करारवाचक: पडताळणीबद्दल माझा अनुभव सांगते. एका पुरवठादाराच्या कराराचा सारांश मी साधनाकडून करून घेतला. ‘बिल मंजूर झाल्यापासून ४५ दिवसांत रक्कम द्यावी’ असे मूळ कलम होते आणि सारांशात ‘बिल मिळाल्यापासून ४५ दिवसांत’ असे आले. मी आकडा मुळाशी जुळवला, तो बरोबर होता, म्हणून पुढे गेले. मुदत कधीपासून मोजायची हे पाहिलेच नाही. आमच्याकडे बिल मंजूर व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे वेळापत्रक पूर्ण चुकले आणि ते पुरवठादाराने लक्षात आणून दिले. तेव्हापासून मी सारांश आधी वाचत नाही. आधी मूळ कलम वाचते, त्याचा अर्थ एका ओळीत लिहिते आणि मग सारांशाशी जुळवते. सारांश आधी वाचला, की मूळ वाचताना तोच दिसत राहतो.

समासातील नोंद: हा क्रम धोरणात जसाच्या तसा घ्यावा असा आहे. त्याला एकच जोड देतो. न्यू यॉर्कमधील ‘माटा विरुद्ध एव्हिएन्का’ या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. त्यातल्या वकिलाने शंका आल्यावर खातरजमा केली होती, पण ती चॅटजीपीटीलाच ‘हे निवाडे खरे आहेत का’ असे विचारून. त्याला होकारच मिळाला. म्हणून ‘पडताळणी’ या शब्दाची व्याख्या मसुद्यात अशी असावी, की प्रत्येक आकडा, तारीख, अवतरण आणि संदर्भ कर्मचाऱ्याने मूळ दस्तऐवजात स्वतः पाहिला आहे. जिथे मूळ दस्तऐवज सापडत नाही, ते वाक्य अहवालात राहत नाही.

मोकळी वाट: पडताळणीचे पटले. प्रकटीकरणाचे अजून पटत नाही. शुद्धलेखन तपासून घेतले तर आपण तळटीप देत नाही. मग पत्राची भाषा सुधारून घेतली म्हणून का द्यावी? प्रत्येक कागदावर शिक्का आला, की तो कोणी वाचणार नाही, आणि प्रामाणिक कर्मचाऱ्याचे काम मात्र कमी दर्जाचे समजले जाईल.

समासातील नोंद: भाषा सुधारण्यासाठी तळटीप नको, हे मान्य. सीमा मी अशी आखेन, की मजकुरातील एखादे विधान, आकडा किंवा संदर्भ साधनाकडून आला असेल, तर ते सांगावे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारसाठी डेलॉइटने केलेल्या, सुमारे ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चाच्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ आढळले. एआयच्या वापराचा उल्लेख २०२५ मधील सुधारित आवृत्तीत आला आणि शुल्काचा काही भाग परत करावा लागला. तो उल्लेख पहिल्या आवृत्तीत असता, तर तपासणाऱ्याने संदर्भांची यादी आधी उघडली असती. प्रकटीकरणाचा उपयोग पुढच्या वाचकाला कुठे बघायचे ते कळावे यासाठी आहे, म्हणून ‘एआयची मदत घेतली’ एवढे न लिहिता ‘तिसऱ्या भागातील तुलना साधनाकडून करून घेतली, आकडे मूळ तक्त्याशी जुळवले’ असे लिहावे.

मसुदाकार: मुक्त मजकुराचा स्तंभ वगळण्याचे आणि पडताळणीच्या व्याख्येचे कलम मी आजच बदलते. एक अडचण मात्र राहते. आम्हाला तक्रारींचे वर्गीकरणच करायचे आहे आणि ते त्या मुक्त मजकुरावाचून होत नाही.

करारवाचक: मग दोनशे तक्रारी दोघांनी बसून वाचाव्यात, दोन दिवसांचे काम आहे.

मोकळी वाट: दोनशे असतील तर. दर महिन्याला वीस हजार येत असतील, तर संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणारे मॉडेल घेण्याचा खर्च मोजून पाहावा लागेल.